जॉइनिंगची तारीख पक्की नाही? दर्यावर्दीचं तिकीट असं काढा

मॅनिंग कंपनीच्या क्रू डेस्कवर किंवा तिकिटं काढणाऱ्या एजन्सीत नव्याने रुजू झालेल्यांसाठी हा लेख आहे. मुंबई, नवी मुंबई आणि गोव्यातून रोज कितीतरी माणसं जहाजावर रुजू व्हायला विमानाने निघतात. करार सहा-नऊ महिन्यांचा असतो, पगार ठरलेला असतो, जहाजाचं नावही ठरलेलं असतं. ठरलेली नसते ती फक्त तारीख, कारण ती माणसाच्या हातात नसून जहाजाच्या हातात असते. वाटेत वारं लागलं, धक्का रिकामा झाला नाही, भाडेकरू कंपनीने मधेच दुसऱ्या बंदराचा हुकूम दिला, की जॉइनिंग दोन दिवस पुढे जातं. क्वचित अलीकडेही येतं.

म्हणून इथे स्वस्त तिकीट म्हणजे सर्वांत कमी रकमेचं तिकीट नव्हे. माणूस प्रत्यक्ष विमानात बसेपर्यंत एकूण किती पैसे गेले, तो आकडा महत्त्वाचा. पुढची सगळी चर्चा त्या आकड्याभोवती आहे.

पहिली पायरी: तारीख किती पक्की आहे ते विचारा

क्रू मॅनेजर सांगतो, "अठराला रॉटरडॅम, थर्ड इंजिनीअर जॉइन होणार." लगेच विमानं शोधायला बसू नका. आधी विचारा की अठरा ही तारीख कुठून आली. जहाजाच्या कप्तानाने पाठवलेला पोहोचण्याचा अंदाज आहे, की बंदरातल्या एजंटाने सांगितलेली धक्क्याला लागण्याची वेळ? दोन्हींत फरक आहे. जहाज अठराला बंदराबाहेर पोहोचेल, पण धक्का रिकामा नसेल तर ते नांगर टाकून थांबेल. जॉइनर धक्क्यावर चढणार असेल तर त्याच्यासाठी धक्क्याची वेळ खरी. नांगरवाड्यात लाँचने चढणार असेल तर पोहोचण्याची वेळ चालते; मात्र लाँचचं भाडं आणि समुद्राची अवस्था हे दोन नवे प्रश्न उभे राहतात.

मालवाहू जहाजांच्या करारात कप्तानाने बंदराला ठरावीक दिवस आधी अंदाज कळवायचे असतात. दहा, सात, पाच, तीन, दोन आणि एक दिवस आधी, असा साधारण क्रम असतो. दहा दिवस आधीची तारीख म्हणजे अंतर भागिले वेग, इतकंच. तीन दिवस आधीच्या तारखेत हवामान धरलेलं असतं. एक दिवस आधीच्या तारखेत बंदराचा पायलट जहाजावर कधी चढणार हेही आलेलं असतं. नवा माणूस दहा दिवस आधीच्या अंदाजावर तिकीट काढतो आणि पुढचा आठवडा ते बदलण्यात घालवतो.

विचारायच्या गोष्टी आणखी दोन. जहाजाचा या बंदरातला मुक्काम किती? कंटेनर जहाज काही तासांत निघून जातं, तर धान्य किंवा खनिज उतरवणारं बल्क जहाज दोन-चार दिवस थांबतं. मुक्काम लांब असेल तर जॉइनर एक दिवस उशिरा पोहोचला तरी बिघडत नाही, आणि तुमच्या निम्म्या तारीख-बदलांची गरजच उरत नाही. दुसरा प्रश्न बंदर बदलण्याचा: हे जहाज शेजारच्या बंदरात वळवलं जाण्याची शक्यता आहे का? त्याचं कारण पुढे येईल.

दुसरी पायरी: जागा धरा, तिकीट लगेच काढू नका

बुकिंग आणि तिकीट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे नव्याला पहिल्या दिवशी सांगायला हवं. पीएनआर तयार झाला, सेगमेंटसमोर, म्हणजे त्या उड्डाणाच्या ओळीसमोर, HK दिसलं, की विमानात जागा धरली गेली. पैसे अजून गेलेले नाहीत. त्या पीएनआरवर विमान कंपनीने एक मुदत टाकलेली असते: अमुक दिवशी अमुक वाजेपर्यंत तिकीट काढा, नाहीतर जागा सुटेल. त्या मुदतीच्या आत तारीख बदलली तर भाड्याचा बदल-दंड नाही. सगळ्यांत स्वस्त तारीख-बदल म्हणजे तिकीट निघण्याआधीचा बदल. मुदत किती हे भाड्यागणिक आणि प्रवास किती जवळ आला आहे त्यावर बदलतं. काही भाड्यांत कित्येक दिवस मिळतात, तर काहींत बुकिंग केलं की त्याच दिवशी तिकीट काढावं लागतं.

मुदत पीएनआरमध्ये असते, पण ती तुमच्या कॅलेंडरमध्येही हवी. आणि ती कोणत्या ठिकाणच्या घड्याळाने आहे ते बघा. परदेशी कंपनीची मुदत कधीकधी त्यांच्या वेळेनुसार किंवा जागतिक प्रमाणवेळेनुसार लिहिलेली असते, आणि भारतीय वेळ जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे आहे.

इथे एक मोह होतो. तारीख सोळा की अठरा कळत नाही, म्हणून दोन्ही दिवसांच्या जागा एकाच नावावर धरून ठेवायच्या. हे करू नका. एकाच प्रवाशाची एकाच मार्गावरची दोन बुकिंगं विमान कंपनीची यंत्रणा शोधून काढते आणि न विचारता एक रद्द करते. कधी नेमकं हवं होतं तेच जातं. वर एजन्सीला दंडाचं डेबिट मेमो येतं, ते वेगळंच.

नाव पासपोर्टप्रमाणे तंतोतंत. सीडीसीवर, म्हणजे दर्यावर्दीच्या नोंद-पुस्तिकेवर, वडिलांचं नाव मधे आहे आणि पासपोर्टवर नाही, असं आपल्याकडे सर्रास दिसतं. तिकीट पासपोर्टप्रमाणे काढायचं. तारीख बदलता येते. नाव बदलणं बहुतेक भाड्यांत चालतच नाही.

तिसरी पायरी: भाडं निवडा

दर्यावर्दींसाठी बाजारात साधारण तीन प्रकारची भाडी असतात. पहिलं, संकेतस्थळावर कुणालाही मिळणारं सर्वांत स्वस्त भाडं. दुसरं, त्याच कंपनीचं लवचीक भाडं: कुणालाही मिळतं, बदल मोफत, पण किंमत बरीच जास्त. तिसरं मरीन फेअर. हे विमान कंपन्या खास दर्यावर्दींसाठी ठेवतात आणि निवडक एजन्सींमार्फत विकतात. बुकिंग यंत्रणेत प्रवाशाचा प्रकार SEA असा टाकला की ते दिसतं. एजन्सीचा त्या कंपनीशी करार नसेल तर दिसत नाही किंवा महाग दिसतं.

मरीन फेअरचे फायदे तीन. एकेरी तिकीट जाऊन-येऊन तिकिटाच्या साधारण निम्म्या दरात मिळतं. सामान्य भाड्यांत एकेरी बहुधा त्या प्रमाणात महाग पडतं. सामान जास्त नेता येतं, बहुतेकदा 40 किलोच्या आसपास किंवा 23 किलोचे दोन नग. आणि मुख्य म्हणजे तारीख बदलणं मोफत किंवा अगदी कमी दंडात होतं आणि रद्द केल्यास बरेचसे पैसे परत येतात. क्रूझ जहाजावर काम करणाऱ्यांनाही हे भाडं मिळतं, आणि पुष्कळ कंपन्या ते समुद्रातल्या तेलफलाटांवरच्या कामगारांनाही देतात. दर्यावर्दीची बायको-मुलं जहाजावर राहायला निघाली असतील तर मात्र त्यांना ते लागू आहे असं गृहीत धरू नका. त्या भाड्याचा नियम वाचा.

पण "मरीन आहे ना, मग बदल फुकट" हे वाक्य अर्धवट खरं आहे. सगळ्या तोट्याचं मूळ तिथेच असतं. भाड्याच्या नियमांत दंडाचा भाग शोधा. यंत्रणेत तो कॅटेगरी 16 म्हणून येतो, आणि स्वेच्छेने केलेल्या बदलांचा तपशील 31 मध्ये. तिथे चार गोष्टी वाचायच्या.

विमान सुटण्याआधी बदलल्यास दंड किती, ही पहिली. सुटल्यानंतर, म्हणजे प्रवासी न कळवता आला नाही तर किती, ही दुसरी. याला नो-शो म्हणतात, आणि आधीचा बदल मोफत असलेल्या भाड्यातही नो-शोचा दंड वेगळा असू शकतो. काही भाड्यांत नो-शो झाला की तिकिटाची सगळी किंमत जाते. तिसरी गोष्ट म्हणजे हा दंड दर बदलाला लागतो की एकदाच.

चौथी गोष्ट सर्वांत जास्त चुकते. दंड शून्य असला तरी भाड्यातला फरक द्यावाच लागतो. प्रत्येक भाडं एका अक्षराच्या बुकिंग क्लासला बांधलेलं असतं. नव्या तारखेला तोच क्लास खुला असेल तर खरोखर फुकट. तो भरला असेल आणि वरचा क्लास घ्यावा लागला तर दोन्ही भाड्यांतला फरक भरायचा. म्हणून भाडं निवडताना पुढच्या तीन-चार दिवसांच्या उड्डाणांत तो क्लास किती खुला आहे तेही पाहून ठेवा. रोज दोन उड्डाणं असलेली कंपनी थोडी महाग असली तरी आठवड्यातून तीनच दिवस उडणाऱ्या स्वस्त कंपनीपेक्षा इथे बरी. तारीख बदलायचा हक्क आहे, पण बदलून जायला विमानच नाही, अशी तिथे गत होते.

एक उदाहरण, आकड्यांसकट

मडगावचा एक थर्ड इंजिनीअर रॉटरडॅमला बल्क जहाजावर चढणार आहे. जहाज ब्राझीलमधल्या सँटोसहून निघालं. साडेबारा नॉट वेगाने हा प्रवास साधारण अठरा दिवसांचा. अंदाजाची तारीख 18. जॉइनर 16 च्या संध्याकाळी गोव्याहून मुंबईला, रात्री मुंबईहून ॲमस्टरडॅमला, 17 ला सकाळी तिथे, रात्रभर हॉटेल, मग एजंटाची गाडी. शिपोल विमानतळापासून रॉटरडॅम तासाभराच्या अंतरावर आहे. (खालची भाडी हिशेबासाठी धरलेली आहेत. तुमच्या दिवशी ती वेगळी असतील, पण त्यांचं आपसातलं नातं बहुधा असंच असतं.)

स्वस्त भाडं 32,000 रुपये. बदलाला दर वेळी 9,000 अधिक भाड्यातला फरक. रद्द केल्यास फक्त कर परत. लवचीक भाडं 58,000, दंड नाही. मरीन भाडं 39,000, सुटण्याआधी बदलाला दंड नाही, नो-शोला 6,000, रद्द केल्यास 5,000 कापून बाकी परत.

13 तारखेला पाच दिवस आधीचा अंदाज आला. बिस्केच्या उपसागरात समोरून वारं असल्यामुळे जहाज आता 20 ला. मरीन तिकिटाचा क्लास 18 च्या रात्री भरलेला होता, वरचा क्लास घेतला, फरक 3,500. एकूण 42,500. मग 18 च्या दुपारी एजंटाचा निरोप आला की धक्का रिकामा नाही, जहाज 20 ला नांगर टाकेल आणि 22 ला धक्क्याला लागेल. नांगरवाड्यात लाँचने चढवणं महाग आणि समुद्र उसळलेला. तिकीट 20 च्या रात्रीवर नेलं, या वेळी तोच क्लास खुला होता, फरक शून्य. एकूण 42,500 च राहिलं.

हेच स्वस्त तिकिटावर केलं असतं तर पहिल्या बदलाला 9,000 दंड, आणि पाच दिवसांवर आलेल्या विमानाचं भाडं तोवर वाढलेलं, समजा 11,000 फरक. 32,000 चे 52,000 झाले. दुसऱ्या बदलाला पुन्हा 9,000 आणि 4,000 फरक. शेवटी 65,000, म्हणजे लवचीक तिकिटापेक्षाही महाग.

आता दुसरी बाजू. तारीख हललीच नसती तर स्वस्त तिकिटाने 7,000 वाचवले असते. मग नेहमी मरीनच घ्यावं का? पहिल्या बदलाच्या वेळी स्वस्त तिकिटाला 20,000 आणि मरीनला 3,500 पडले, म्हणजे एका बदलामागे साडेसोळा हजारांचा फरक. 7,000 ला 16,500 ने भागलं की 0.42 येतं. तुमच्या कंपनीच्या जहाजांच्या दहा जॉइनिंगांपैकी चारांपेक्षा जास्त हलत असतील तर मरीन, कमी हलत असतील तर स्वस्त, असा हा हिशेब. ठरलेल्या वेळापत्रकाने फिरणाऱ्या क्रूझ जहाजाला स्वस्त भाडं परवडू शकतं. बल्क जहाज आणि टँकर यांना सहसा नाही. शिवाय या हिशेबात रद्द होण्याचा धोका धरलेलाच नाही. वैद्यकीय तपासणीत जॉइनर अडकला आणि जॉइनिंगच रद्द झालं, तर स्वस्त तिकिटाचे 32,000 कर वजा जाता गेले, मरीनचे फक्त 5,000.

गोवा ते मुंबई हा तुकडा

वरच्या उदाहरणात गोवा-मुंबई उड्डाण त्याच तिकिटावर होतं, हे मुद्दाम. नवखे लोक हा तुकडा वेगळ्या कंपनीकडे दोन-तीन हजारांत काढतात आणि खूश होतात. मग तारीख हलली की दोन तिकिटं बदलावी लागतात, आणि देशांतर्गत स्वस्त तिकिटाचा बदल-दंड कधी तिकिटाएवढाच असतो. सामानाचं दुखणं वेगळं: देशांतर्गत इकॉनॉमीत सहसा 15 किलोच नेता येतं. मरीन तिकिटाच्या भरवशावर 40 किलो सामान घेऊन आलेल्या माणसाला गोव्याच्या काउंटरवर पंचवीस किलोचे पैसे भरावे लागतात. एकाच तिकिटावर असेल तर आंतरराष्ट्रीय सामानाची सवलत सहसा गोव्यापासूनच लागू होते. आणि गोव्याचं विमान उशिरा येऊन मुंबईचं चुकलं तर पुढच्या विमानात बसवणं कंपनीची जबाबदारी. वेगळ्या तिकिटांवर तो नो-शो ठरतो.

बदल करताना गोव्याचा विमानतळ कोणता ते बघा. 2023 पासून दोन आहेत: दाबोळी GOI आणि मोपा GOX. यंत्रणेने नव्या तारखेला मोपाहून उडणारं विमान दिलं आणि कुणी लक्ष दिलं नाही, तर मडगावचा माणूस सवयीने दाबोळीला जाऊन उभा राहतो. मोपा उत्तरेला पेडणे तालुक्यात. कोकणातल्या जॉइनरला रेल्वेने मुंबईला आणायचं असेल तर तत्काळ तिकीट शेवटपर्यंत टाळा. कन्फर्म झालेलं तत्काळ तिकीट रद्द केल्यावर पैसे परत मिळत नाहीत.

कागदपत्रं

मरीन फेअर ही सवलत आहे आणि ती सिद्ध करावी लागते. जॉइनरच्या हातात पासपोर्ट, सीडीसी आणि कंपनीचं किंवा बंदरातल्या एजंटाचं हमीपत्र हवं. त्यात जहाजाचं नाव, बंदर, जॉइन होण्याची तारीख आणि जॉइनरचं पद असतं. काउंटरवर ते मागतात. नसेल तर सामान्य भाड्याचा फरक मागू शकतात किंवा चढवायलाच नकार देऊ शकतात, कारण एकेरी तिकिटावर परदेशी निघालेला माणूस परत कसा येणार हा प्रश्न हमीपत्रानेच सुटतो.

तारीख बदलली की तिकिटाबरोबर हमीपत्रही बदललं पाहिजे, हे विसरलं जातं. तिकीट 20 चं आणि हमीपत्रावर जॉइनिंग 18, असं दिसलं की काउंटरवरचा माणूस थबकतो. पुष्कळ बंदरांसाठी एजंटाने विमान कंपनीला "ओके टू बोर्ड" कळवावं लागतं. ते उड्डाण क्रमांक आणि तारखेला बांधलेलं असतं, म्हणून बदलानंतर नव्याने घ्यायचं. व्हिसाची वैधताही तपासा. वरच्या इंजिनीअरचा शेंगेन व्हिसा 12 ते 27 चा असेल तर 22 चालेल, पण आणखी आठवडाभर लांबलं तर तारीख-बदलाची सगळी लवचीकता व्हिसापाशी संपते. व्हिसाचा अर्ज करतानाच पुढे दहा-पंधरा दिवसांची जास्त मुदत मागायची.

तारीख हलली की काय करायचं, क्रमाने

निरोप आला की सगळ्यांत आधी जुनी जागा सोडा. नवी तारीख ठरलेली नसली तरी सोडा. विमान सुटण्याआधी सेगमेंट रद्द झालं की नो-शो होत नाही, तिकिटातला त्या उड्डाणाचा भाग, म्हणजे कूपन, OPEN FOR USE राहतो आणि नवी तारीख नंतर लावता येते. "नवी तारीख कळली की एकदमच करू" असं म्हणत थांबणं ही सर्वांत महाग सवय आहे. मात्र जागा सोडण्याआधी नियमात पाहा, नवी तारीख जुनं विमान सुटण्याआधीच लावली पाहिजे अशी अट असते का. काही भाड्यांत असते. तेव्हा निदान आठवडाभर पुढची एखादी तारीख लावून ठेवा.

मध्यरात्रीनंतरच्या विमानांचं विशेष ध्यान ठेवा. युरोपला जाणारी पुष्कळ विमानं मुंबईहून रात्री एक-दोनला सुटतात. तिकिटावर 19 तारीख, वेळ 01:30, म्हणजे माणसाला 18 च्या रात्री विमानतळावर जायचं आहे. 19 ला सकाळी ऑफिसात येऊन बदलू, असं ठरवणाऱ्याचं तिकीट तोवर नो-शो झालेलं असतं.

वेब चेक-इन लवकर करू नका, आणि जॉइनरलाही सांगा. चेक-इन झालं की कूपनची स्थिती CHECKED IN होते, त्याचा ताबा विमानतळाकडे जातो आणि एजन्सीला त्याला हात लावता येत नाही. आधी विमान कंपनीकडून चेक-इन काढून घ्यावं लागतं, मग बदल. रात्री अकराला हे करून घेणं फार त्रासाचं. हौशी जॉइनर खिडकीच्या जागेसाठी अठ्ठेचाळीस तास आधी चेक-इन करून बसतो आणि सगळा डेस्क जागा राहतो.

जागा लावून झाल्यावर तिकीट पुन्हा काढायचं, म्हणजे रिइश्यू. बुकिंगमध्ये नवी तारीख दिसते म्हणून काम झालं असं नाही. रिइश्यू झालं नसेल तर पीएनआर 20 चा आणि तिकीट 18 चं राहतं, आणि काउंटरवर "तुमचं तिकीट या विमानाचं नाही" असं ऐकावं लागतं. खूण सोपी आहे: रिइश्यूनंतर तेरा आकडी तिकीट क्रमांक नवा येतो. जुनाच क्रमांक दिसत असेल तर थांबा आणि तपासा. काही कंपन्या काही बदलांना फक्त जुन्या तिकिटावर नवी तारीख चढवू देतात, तेव्हा क्रमांक तोच राहतो; पण कूपनवर नवं उड्डाण आणि नवी तारीख दिसलीच पाहिजे.

त्यानंतर एजंट, हॉटेल, गाडी, हमीपत्र, आणि शेवटी जॉइनर. त्याला नवं तिकीट पाठवताना जुनं रद्द झालं आहे हे स्वच्छ लिहा. दोन पीडीएफ घेऊन विमानतळावर आलेल्या माणसाने कोणती दाखवायची, हा प्रश्न त्याच्यावर सोडू नका.

तारखेऐवजी बंदर बदललं तर

मरीन फेअरमध्येही ठिकाण बदलणं म्हणजे तारीख बदलणं नव्हे. मार्ग बदलला की भाडं नव्याने मोजलं जातं आणि जुन्या भाड्याची मोफत-बदलाची सवलत बहुधा तिथे संपते. म्हणून आधी नकाशा बघा. रॉटरडॅमऐवजी जहाज अँटवर्पला गेलं तर ॲमस्टरडॅमचं तिकीट तसंच ठेवा. गाडीचा प्रवास एकूण साधारण दोन तासांचा होतो, एवढंच. गाडीचे जास्तीचे पैसे तिकीट बदलण्याच्या खर्चापेक्षा जवळजवळ नेहमीच कमी पडतात. हॅम्बुर्गला गेलं तर हिशेब वेगळा. तिथे रद्द करून नवं काढणं आणि बदलणं, दोन्हींची किंमत मांडून मगच ठरवा. पहिल्या पायरीत शेजारच्या बंदराबद्दल विचारायला सांगितलं ते यासाठी: दोन शक्य बंदरं असतील तर दोघांना गाडीने गाठता येईल असा विमानतळ निवडा.

प्रवासाचा पहिला तुकडा वापरून झाल्यावर बातमी आली, म्हणजे माणूस मुंबईत किंवा मधल्या विमानतळावर आहे, तर नियम वेगळा लागू होतो. अर्धं वापरलेलं तिकीट बदलण्याचा दंड नियमात स्वतंत्र लिहिलेला असतो. मुंबईत दोन रात्री हॉटेलात ठेवणं तेव्हा सहसा स्वस्त. मधला कूपन न वापरता पुढच्याच विमानात बसवायचा प्रयत्न मात्र करू नका. कूपन क्रमानेच वापरावे लागतात आणि एक चुकला की पुढचे आपोआप रद्द होतात.

उतरणाऱ्याचं तिकीट

जॉइनर हलला की ज्याची जागा तो घेणार तो साइन-ऑफही हलतो. त्याचं तिकीट जॉइनरपेक्षा जास्त लवचीक असायला हवं, कारण जहाज धक्क्याला लागणं, कामाचा ताबा देणं, इमिग्रेशन उरकणं, हे सगळं झाल्याशिवाय तो निघू शकत नाही. धक्क्याला लागण्याच्या वेळेनंतर निदान सात-आठ तास सोडून विमान निवडा, आणि नो-शोचा दंड कमी असलेलं भाडं घ्या.

पैसे कुणाचे

सागरी कामगार करार 2006 प्रमाणे, जो भारताने 2015 मध्ये मान्य केला, नोकरी मिळवून देण्याची फी दर्यावर्दीकडून घेता येत नाही. वैद्यकीय प्रमाणपत्र, सीडीसी आणि पासपोर्ट एवढाच खर्च त्याच्याकडे येऊ शकतो. व्हिसाचा खर्च जहाजमालकाचा. तारीख हलल्याचा दंड जॉइनरच्या पगारातून कापायचा प्रस्ताव आला तर तो लेखी मागा. बहुधा लेखी येत नाही.

न वापरलेल्या तिकिटांचा परतावा दर महिन्याला मागा. तिकीट साधारण वर्षभर वैध असतं, त्यानंतर मरीन फेअरचेही पैसे अडकतात. ज्या तिकिटावर भाडं परत मिळत नाही, त्यावरही सरकारी कर आणि विमानतळ शुल्क परत मागता येतं. भारताच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांत ते सांगितलेलं आहे. यादी काढायची सोपी रीत म्हणजे उड्डाणाची तारीख उलटून गेलेली, पण कूपन अजून OPEN FOR USE दाखवणारी तिकिटं शोधणं. रिइश्यू झालेल्या जुन्या क्रमांकांसमोर EXCHANGED असं येतं. ती यादीतून वगळायची.